दाखल्यावरचं नाव

आमच्या जुन्या शाळेचा एस.टी.चा थांबा शाळेच्या दारातच होता. तरी निम्म्या आया एक थांबा आधी उतरायच्या आणि मुलाचा हात धरून उन्हातान्हात अर्धा किलोमीटर चालत यायच्या. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, ह्या बायांना थांबा ठाऊक नसावा. एकदा मीच त्या गाडीत होते. थांबा आला तसा कंडक्टर दोरी ओढून ओरडला, "मतिमंदवाले उतरा." तेव्हा डोक्यात उजेड पडला. कंडक्टर वाईट माणूस नव्हता. शाळेच्या पाटीवर जे लिहिलं होतं तेच तो वाचत होता. पाटी होती 'मतिमंद मुलांची निवासी शाळा'. एवढंच आमचं नाव.

मी विशेष शिक्षिका. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांत मिळून तीस-बत्तीस वर्षं नोकरी केली, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका म्हणून. आमचं काम काय, असं लोक विचारतात तेव्हा मी सांगते, की इतर शाळेत मुलानं शाळेच्या चालीनं चालायचं असतं, आमच्याकडे शाळेनं मुलाच्या चालीनं. कोणाला अक्षरं उलटीसुलटी दिसतात, म्हणजे डोळे ठणठणीत पण 'क' आणि 'फ' डोक्यात जागा बदलतात. कोणाला एक गोष्ट शंभरदा सांगावी लागते आणि एकशे एकाव्यांदा ती कायमची बसते. कोणाला गोंगाटात बसवलं तर काहीच शिरत नाही. हे सगळे वेगवेगळे. पण बाहेरच्या लोकांकडे ह्या सगळ्यांसाठी एकच शब्द होता आणि तो आम्ही स्वतः दोन फूट उंचीच्या अक्षरांत रंगवून दारावर लावला होता.

मला त्यात काही खटकत नव्हतं हे आधीच कबूल करते. सवयीनं सगळं गुळगुळीत होतं. खटकलं ते वंदनामुळे.

वंदना सिंदेवाहीकडची. आमच्याकडे नऊ वर्षं होती. वाचनात मार खायची, पण कापडावर तिचा हात असा चालायचा की शिवणाच्या बाईंनी तिच्यापुढे हात टेकले होते. अठरा पूर्ण झाल्यावर तिनं शिवणकामाच्या एका वर्गाला प्रवेश घ्यायचं ठरवलं. मी माझ्या हातानं तिचा शाळा सोडल्याचा दाखला लिहिला. वळणदार अक्षरात, प्रगती 'उत्तम', वर्तणूक 'उत्तम', एकही खाडाखोड नाही. चार दिवसांनी ती आणि तिची आई परत आल्या. तिथल्या माणसानं दाखला हातात घेतला, वरची ओळ सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, मशीनमध्ये हात गेला तर जबाबदार कोण. खालचं 'उत्तम' वाचायची त्याला गरजच पडली नाही.

वंदनाच्या आईनं मला दोष दिला नाही. ती एवढंच म्हणाली, "बाई, हे वरचं कापून देता येत नाई का?"

नाही येत. दाखला हा असा कागद आहे की त्याच्या डोक्यावर शाळेचं नाव छापलेलं असतं आणि ते मुलाच्या मागे मरेपर्यंत जातं. रेशनकार्ड बदलतं, आडनाव बदलतं, दाखला बदलत नाही. पुढच्या शाळेत तो लागतो, जातीच्या दाखल्याला लागतो, वयाला लागतो. वंदना पुढे घरीच ब्लाउज शिवू लागली, बरं चाललं आहे तिचं. पण तिला जिथं जायचं होतं तिथं ती माझ्या अक्षरामुळे गेली नाही, ही बोच अजून आहे.

त्यानंतर काही वर्षांनी अहेरीजवळ प्राणहितेच्या काठाला एका संस्थेनं नवी निवासी शाळा काढायची ठरवली आणि मला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं. तोवर कायदा बदलला होता, सरकारी कागदातून 'मतिमंद' हा शब्द निघाला होता, 'दिव्यांग' आला होता. मी मनाशी ठरवूनच गेले, की ह्या शाळेचं बारसं मी करणार.

संस्थेचे अध्यक्ष चंद्रपूरला राहायचे. निवृत्त प्राचार्य, शिस्तीचा माणूस, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांच्या मनात नाव तयार होतं. आधी त्यांच्या दिवंगत आईचं नाव, मग 'स्मृती', आणि पुढे 'मतिमंद व गतिमंद मुलांची निवासी शाळा'. कायदा बदलला हे त्यांना माहीत होतं, पण त्यांचं म्हणणं, की खेड्यातल्या माणसाला जुनाच शब्द कळतो. शाळा कोणासाठी आहे हे पाटीवरून कळलं नाही तर गरजू आईबाप येतील कसे? हा मुद्दा पोकळ नव्हता. मी म्हटलं, भाऊ, आमच्याकडे कोणी पाटी वाचून येत नाही. अंगणवाडीची बाई सांगते, गुरुजी सांगतात, नर्स सांगते. पाटी आधीच आलेल्यासाठी असते. ते म्हणाले, पाहू.

'पाहू' म्हणजे होकार असं मी धरलं आणि कामाला लागले. आता माझ्या हुशारीचं ऐका. मी रात्रंदिवस डोकं खाजवून 'आशादीप' असं नाव काढलं. निर्मळ, मंगल, कोणाला टोचणार नाही असं. आलापल्लीच्या पेंटरला बोलावून फाटकावर पाटीही रंगवली, अक्षरांच्या बाजूला पिवळी ज्योत. मी ती पाटी येता-जाता बघायचे आणि स्वतःवर खूश व्हायचे.

जूनचा दुसरा आठवडा होता. मान्यतेचा प्रस्ताव जिल्ह्याच्या कार्यालयातून पुण्याला आयुक्तालयात जायचा होता, आणि तपासणीला माणूस येईल तेव्हा पटावरची मुलं समोर दिसायला हवी होती. नऊ घरची माणसं मुलांना घेऊन आली. त्यात भामरागडच्या पलीकडचा लालसू होता, माडिया आदिवासी, चाळिशीचा, बोलायला बेताचा. सोबत त्याची दहा वर्षांची मुलगी मैनी.

मैनीला आश्रमशाळेतून घरी पाठवलं होतं. तीन वर्षं मागच्या बाकावर बसून एक अक्षर आलं नाही, मग एक दिवस ती पळाली आणि दुसऱ्या दिवशी जंगलात सापडली. लालसूनं कमरेच्या पिशवीतून एक कागद काढला. कुठल्याशा शिबिरात कोणीतरी तिला तपासून 'मंदबुद्धी' असं लिहून दिलेलं. मी विचारलं, तपासलं कोणत्या भाषेत? मराठीत. मैनीला तेव्हा मराठीचं 'पाणी' आणि 'ये' एवढंच कळत होतं. मी आमच्या स्वयंपाकाच्या सगुणाबाईंना बोलावलं, त्यांना माडिया येते. त्यांनी तेच प्रश्न माडियात विचारले आणि मैनीनं भराभर उत्तरं दिली. वस्तू जुळवल्या, गोष्ट सांगितली तर क्रमानं परत सांगितली. अडलं ते फक्त अक्षरांपाशी, तिथं मात्र ती खरोखरच चाचपडत होती. जिल्हा रुग्णालयात नीट तपासणी करायला हवी होती, पण मला पुरेसा अंदाज आला. ही मुलगी वाचू शकेल. वर्ष लागेल, दोन लागतील, शिकवण्याची पद्धत वेगळी लागेल. आणि आणखी दोन वर्षं घरी राहिली तर मग काही खरं नाही.

हे मी लालसूला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, फाटकावर काय लिहिलंय ते वाचा. मी ऐटीत वाचलं, अर्थ सांगितला, सगुणाबाईंनी माडियात सांगितला. त्यानं पिवळ्या ज्योतीकडे बोट केलं.

"आश्रमशाळेच्या पाटीवर आशा नाई लिवलं," तो म्हणाला. "इथी काऊन लिवलं?"

बाकीच्या आयांपैकी चामोर्शीकडची एक जण बोलली. चांगल्या पोरांच्या शाळेला गावाचं नाव असते, देवाचं असते, कोणा मोठ्या माणसाचं असते. दिवा, किरण, पहाट असलं नाव दिसलं की लोक म्हणतात, बिचाऱ्यांची शाळा आहे.

"मतिमंद म्हणा का आशा म्हणा, बाई," ती म्हणाली, "लोकायले त तेच कळते."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. एवढी मेहनत करून काढलेलं नाव, आणि ही माणसं त्याला नाकं मुरडतात. पण रागातही मला कळत होतं, की बाई खरं बोलली आहे. मी शिक्का पुसून त्याच जागी दुसरा शिक्का मारला होता, फक्त गोड शाईचा.

तेव्हा मी सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं आणि म्हटलं, चला, नाव तुम्हीच सांगा. लालसू सगुणाबाईंशी काहीतरी बोलला. त्यांनी सांगितलं, हे म्हणतात की आमच्याकडे पोराचं नाव असं बसून ठरवत नाहीत. पोर रडत असलं की घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेतात. ज्या नावाला पोर शांत होते ते नाव त्याचं. नाव आधीच असते, ते फक्त सापडवायचं असते.

मी म्हटलं, मग तसंच करू. पण इथं रडणारे कोण, तर आईबाप. म्हणून मी एक परीक्षा लावली. जो तो जे सुचेल ते नाव सांगेल, आणि प्रत्येकानं ते तीन ठिकाणी म्हणून दाखवायचं. आठवडी बाजारात ओळखीचं माणूस विचारते, पोरगी कुठी शिकते. गाडीत कंडक्टर विचारतो, कुठी उतरणार. आणि घरी सोयरीक घेऊन आलेले पाहुणे विचारतात, नवरीची लहान बहीण कोणत्या शाळेत आहे. मी उत्तर ऐकणार नव्हते, आवाज ऐकणार होते. ज्या नावाला आवाज खाली जाईल ते नाव बाद.

हसत-लाजत सुरुवात झाली आणि मग सगळे गंभीर झाले. एका बापानं 'विशेष विद्यालय' म्हटलं, बाजारात नीट म्हटलं, गाडीत म्हटलं, पाहुण्यांपाशी आला आणि घसा खाकरू लागला. बाद. 'दिव्यांग' हा शब्द असलेली दोन नावं बाजारातच पडली. 'आशादीप' मी स्वतः म्हणून पाहिलं. गाडीपर्यंत टिकलं, पाहुण्यांसमोर माझाच आवाज बारीक झाला. एकानं देवाचं नाव सुचवलं, पण लालसूच्या घरचा देव वेगळा, त्यानं नुसती मान हलवली. दुपार झाली तरी काही सापडेना.

तेवढ्यात लालसूचा फोन वाजला. आलापल्लीला कामाला असलेला त्याचा भाऊ विचारत होता, कुठं आहेस. लालसू मोठ्यानं, जसं माणूस फोनवर बोलतं तसं, म्हणाला, "नदीकाठच्या शाळेत हावो. मैनीले घेऊन."

मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मग नऊही घरच्यांनी ते तिन्ही ठिकाणी म्हणून दाखवलं. नदीकाठ विद्यालय. चामोर्शीची बाई पाहुण्यांसमोर म्हणाली तेव्हा तिनं पदरसुद्धा सावरला नाही. आमच्या दोन जिल्ह्यांत नदी नाही असं गाव कोणाचं आहे? कोणाची वैनगंगा, कोणाची इंद्रावती. त्या नावात मुलाबद्दल काहीच नव्हतं, आणि तेच हवं होतं.

मी लगेच अध्यक्षांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, नाव ठरलेलं आहे. ठराव झाला, प्रस्ताव कार्यालयात दिला, परवा तो पुण्याला रवाना होईल. आणि नाव त्यांच्या आईच्या नावासकट तेच, जुनं.

मी फोन ठेवला. लालसूला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यानं सगळं विचारून घेतलं आणि मी सगळं सांगितलं. आकाश भरून आलं होतं. भामरागडच्या पुढचा नाला एकदा चढला की त्याचं गाव चार-चार महिने तुटायचं. म्हणजे ह्या दोन-तीन दिवसांत मैनी राहिली तर राहिली, नाहीतर वर्ष गेलं. आणि मला माहीत होतं, एकदा घरी गेलेली मुलगी पुढच्या वर्षी येत नाही.

"एक कागद हाये तिच्याजवळ," तो पिशवीकडे बोट करून म्हणाला. "दुसरा तसाच भेटणार असन त मी नेतो तिले. परवा दुपारी काळीपिवळी जीप जाते. तोवर बसतो इथी."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी गडचिरोलीला गेले. कार्यालयातल्या लिपिकाला नाव बदलायचं म्हटल्यावर तो हसला. म्हणाला, प्रवर्ग नावात दिसला पाहिजे, नाहीतर वरून फाइल परत येते. मी म्हटलं, अर्जाचा नमुना काढा. तीस वर्षं मी असले नमुने भरले आहेत. त्यात 'शाळेचे नाव' हा एक रकाना असतो आणि 'दिव्यांगत्वाचा प्रवर्ग' हा वेगळा. सरकारनंच दोन रकाने केले आहेत, तर आपण एकात का कोंबायचं? त्यानं तीनदा वाचलं, वरच्या साहेबांना विचारून आला आणि थोडा वरमला. संस्थेचं नाव धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं असतं, ते हलत नाही, पण शाळेचं नाव संस्थेच्या ठरावानं ठरतं. नवा ठराव आणा, अध्यक्षांच्या सहीचं पत्र आणा, उद्या बारापर्यंत. त्यानंतर टपाल निघेल.

मी तशीच चंद्रपूरला गेले. वाटेत मूल गावाजवळ पावसाचा पहिला सडाका आला. नाला भरायला असले किती सडाके लागतात ह्याचा मी हिशेब करत बसले.

भाऊंच्या घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. त्यांची नात दिवाणखान्यात गृहपाठ करत होती. मी सगळं सांगितलं, बाजार, गाडी, पाहुणे. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, हे भावनेचं झालं. लपवून काय साधणार? मुलं जशी आहेत तशी आहेत. माझ्या आईनं आयुष्यभर खरं बोलायला शिकवलं.

मला वाद घालायची ताकद उरली नव्हती. पिशवीत दाखल्याच्या नमुन्याचा एक कोरा कागद होता, नव्या शाळेसाठी छापून घ्यायला आणलेला. तो मी टेबलावर ठेवला आणि म्हटलं, भाऊ, एक करा. वर तुम्ही ठरवलेलं शाळेचं नाव लिहा. खाली विद्यार्थ्याच्या नावाच्या जागी तुमच्या नातीचं नाव लिहा. एवढं करा, मी जाते.

ते चिडले. पण प्राचार्य माणूस, कागद समोर आला की पेन आपोआप उघडतं. त्यांनी वरची ओळ पूर्ण लिहिली. मग 'विद्यार्थिनीचे संपूर्ण नाव' ह्या रकान्यावर पेन टेकवलं. नातीच्या नावाचं पहिलं अक्षर झालं आणि पेन थांबलं. पोरगी वहीतून मान वर करून म्हणाली, "आबा, माझं नाव काऊन लिहून राह्यले?"

त्यांनी कागद फाडला. चार तुकडे केले आणि खिशात घातले. मग म्हणाले, "ठरावाचं रजिस्टर आतल्या कपाटात आहे." आईचं नाव त्यांनी शाळेच्या ग्रंथालयाला दिलं, आणि ते तिथं शोभतंही. दोन सभासद शेजारच्याच गल्लीत राहायचे, जेवणाआधी सगळ्यांच्या सह्या झाल्या.

सकाळच्या पहिल्या गाडीनं गडचिरोली, साडेअकराला ठराव आणि पत्र दाखल, अर्जाचं पहिलं पान नवं, आणि त्याच्या प्रतीवर 'प्राप्त' असा शिक्का मारलेली पोच माझ्या हातात. परतीच्या गाडीत मी पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला डोळ्यांनीच ढकलत होते. आष्टीला चहाला पंधरा मिनिटं थांबला तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शाळेपाशी पोचले तेव्हा काळीपिवळी फाटकाबाहेर उभी होती, इंजिन सुरू. मैनी मागच्या बाजूला गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. लालसू ड्रायव्हरच्या बाजूला एक पाय आत ठेवून उभा. मी धावत गेले आणि पोच त्याच्यासमोर धरली. त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. शाळेचे नाव, नदीकाठ विद्यालय. शिक्का दाखवला, तारीख दाखवली.

इथं मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी आजवर कोणाला सांगितली नाही. त्या पानावर नावाच्या खाली दुसरा रकाना होता, प्रवर्गाचा. तिथं लिहिलं होतं, 'बौद्धिक दिव्यांग व अध्ययन अक्षम'. कागद धरताना माझा अंगठा त्या ओळीवर होता. चुकून नव्हता.

लालसूनं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मागे जाऊन मैनीचं गाठोडं उतरवलं. गाडी निघाली तसा पाऊस सुरू झाला. दुसऱ्या दिवशी नाला चढला.

ते चार महिने मैनीनं काय केलं, हे एक वेगळंच प्रकरण आहे. थोडक्यात सांगते. आम्ही अक्षरं वाळूत काढली, दोरीची केली, बोटानं गिरवली, प्रत्येक अक्षराला माडिया शब्द जोडला. पहिला महिना ती रोज फाटकापाशी जाऊन बसायची. तिसऱ्या महिन्यात पहिले चार शब्द आले. मला आनंद व्हायला हवा होता, होतही होता, पण रात्री पडल्यावर अंगठा आठवायचा. दिवाळीच्या आधी पुण्याहून मान्यतेचं पत्र आलं. मी ते उघडलं तेव्हा पहिल्यांदा नाव नाही पाहिलं, दुसरी ओळ पाहिली. ती होतीच. असणारच.

वाट मोकळी झाली तसा लालसू आला. मैनी धावत गेली, तिच्याशी तो पाच मिनिटं बोलला, मग ऑफिसात येऊन म्हणाला, कागद आला का? मी पत्र काढलं. आणि तो मला वाचायला न देता पत्र घेऊन बाहेर गेला, काळीपिवळीच्या ड्रायव्हरकडे. मी दारात उभी राहिले. ड्रायव्हर सिरोंचाकडचा, मोकळ्या आवाजाचा माणूस. त्यानं वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. नाव वाचलं, गाव वाचलं, निवासी, मान्य संख्या. आणि मग, त्याच आवाजात, प्रवर्ग.

लालसूनं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग कागद घेऊन माझ्याकडे आला.

"हे तवाबी होतं?"

मी म्हटलं, होतं. मी अंगठा ठेवला होता हेही सांगितलं. मग जे जूनमध्येच सांगायला हवं होतं ते सगळं सांगितलं. ही ओळ सरकारसाठी असते, तिच्यामुळे मुलांना वसतिगृह मिळतं, शिक्षक मिळतात. ती कार्यालयाच्या फाइलीत राहते. पाटीवर येत नाही, गणवेशावर येत नाही, दाखल्यावर येत नाही. जिल्हा रुग्णालयात मैनीची तपासणी माडियातून झाली आहे, आधीचा तो शिबिराचा कागद चूक होता. आणि तुम्हाला मुलगी न्यायची असेल तर मला अडवायचा अधिकार नाही.

तो ओट्यावर बसला. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. मैनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तीस वर्षं लोकांना सांगत आले, की मुलांबद्दल काही लपवू नका, आणि जिथं खरं कसोटीचं माणूस समोर आलं तिथं मी लपवलं.

"तुमीबी आवाज खालीच केला होता, बाई," तो शेवटी म्हणाला.

मी म्हटलं, हो.

"दाखला कसा राह्यते ते दाखवा."

मी कपाटातून नवा छापलेला नमुना काढला. त्यानं तो ड्रायव्हरकडून पुन्हा सगळा वाचून घेतला, डोक्यापासून शेऱ्यापर्यंत. वर नदीकाठ विद्यालय, खाली रिकामे रकाने, आणि कुठंही ती ओळ नाही. मग त्यानं मला त्यावर शाळेचा शिक्का मारायला लावला. कोऱ्या दाखल्यावर शिक्का मारणं हा गुन्हा आहे. मी आडवी रेघ मारून 'नमुना' असं लिहिलं आणि शिक्का मारला. लालसूनं घडी घालून कागद पिशवीत ठेवला, आणि शिबिराचा तो जुना कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"हा तुमच्याजवळ राहू द्या, मले नाई पाहिजे. अन् तो माह्याजवळ राह्यते. मैनीचा दाखला लिवसान त्या दिवशी दोन्ही बाजूबाजूले ठेवून पाहीन."

मला निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. मैनी सातवीत आहे, अडखळत वाचते, पण वाचते. तिचा दाखला लिहिणारं अक्षर माझं नसेल. पण नव्या मुख्याध्यापिकेला कपाटाच्या किल्ल्या देताना मी एकच गोष्ट तोंडी सांगितली. भामरागडच्या पलीकडे एका घरात आपल्या दाखल्याची एक प्रत आहे, आणि ज्याच्याकडे ती आहे तो माणूस ताडून पाहणार आहे.